राहुड घाटात राहिलेला प्रवासी

गाडी बंद पडली की लोक इंजिनाकडं बघत नाहीत, कंडक्टरकडं बघतात. जणू मीच आदल्या दिवशी उठून त्यात वाळू ओतून आलोय! ड्रायव्हर गाडीखाली शिरतो, त्याला शिव्या ऐकू येत नाहीत. मी उभा असतो वर, खाकी कपड्यात, गळ्यात चामड्याची पिशवी, हातात तिकिटांचा ट्रे. मग काय, या आणि ओरबाडा. बत्तीस वर्षं नोकरी केली मी आणि एवढंच शिकलो, की बंद गाडीतल्या माणसाला खरं सांगू नये आणि खोटं तर मुळीच सांगू नये. कामाला लागावं.

ठमाबाई मला भेटली ती अशाच एका बंद गाडीमुळं. अठ्ठ्याण्णव सालची दिवाळी नुकतीच झाली होती. शिरपूरहून नाशिकला येणारी आमची लाल गाडी. सुट्टी संपत आलेली, त्यामुळं माहेरवाशिणी, पोरं, फराळाचे डबे, पिशव्या, नुसती जत्रा. शिरपूरच्या स्टँडवर सगळे खिडकीतून रुमाल टाकून जागा धरत होते, तेव्हा ही बाई सगळ्यांच्या मागं शांत उभी होती. साठीच्या आसपासची, काटकुळी, कपाळ मोकळं. छातीशी लाल फडक्यात बांधलेलं एक गाडगं. ते बघून मी काही विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? नाशिकला लाल फडकं घेऊन येणारी माणसं आम्हाला नवी नाहीत. आमच्या गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, अख्खा मुलूख येतो.

ती शेवटच्या बाकावर जाऊन बसली. शेजारचा माणूस गाडगं बघून हळूच उठला आणि पुढं जाऊन उभा राहिला. मी तिकीट द्यायला गेलो, तर ती खिडकीकडं तोंड करून कुणाशी तरी बोलत होती.

"अहो, बसा नीट. गाडी सुटली."

मी म्हटलं, "मावशी, कुठं?"

"नाशिक. मखमलाबादला जायचं हाय, पण आधी गंगेवर."

"दहावा?"

"उद्या सकाळी. पुतण्या करनार हाय सगळं. अमोल."

मग सगळा रस्ता तिचं चालूच होतं. "अहो, तापी आली, हात जोडा." "अहो, धुळं आलं." "अहो, मालेगाव आलं, लय गर्दी हाय, खाली नका उतरू." पुढच्या बाकावरच्या दोन पोरी फिदीफिदी हसल्या, तेव्हा मी त्यांच्यावर असे डोळे वटारले की त्या उमराण्यापर्यंत गप्प. मला माहीत होतं ते काय आहे. आमच्याकडच्या जुन्या बायका म्हणतात, अस्थी घेऊन निघालं की मेलेल्या माणसाला सांगत सांगत न्यावं. नदी आली की सांगावं, गाव आलं की सांगावं, आणि गाडी बदलली तर हाक मारून बरोबर घ्यावं. नाहीतर अस्थी पोचतात, माणूस मागं राहतो. मी काही मानत नाही असलं. पण मानणाऱ्याला हसतही नाही.

उमराणं सोडलं आणि राहुड घाट लागला. अर्ध्या चढावर गाडीनं असा हुंदका दिला, आणि जळक्या रबरासारखा वास सुटला. आमचा ड्रायव्हर चिमाजी, सिन्नरकडचा, एरवी अख्ख्या फेरीत चार शब्द न बोलणारा. त्यानं गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि म्हणाला, "मास्तर, प्लेट गेली."

क्लच प्लेट गेली म्हणजे खेळ खलास. ढकलून, पाणी ओतून, नारळ फोडून काही होत नाही.

मी आधी मागच्या चाकांना दगड लावले. चिमाजीनं बाभळीच्या फांद्या तोडून गाडीच्या मागं रस्त्यावर लांबवर टाकल्या, म्हणजे मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला वळणाआधीच कळावं. मग सगळ्यांना खाली उतरवलं, कारण घाटात बंद गाडीत माणसं बसू देणं म्हणजे आ बैल मुझे मार. तेवढ्यात वरून मालेगावकडं जाणारी गाडी आली. तिला हात करून थांबवली, कागदावर गाडीचा नंबर, जागा आणि बिघाड लिहून तिच्या कंडक्टरच्या हातात दिलं, "मालेगाव डेपोत द्या, ब्रेकडाऊन व्हॅन पाठवा म्हणावं." मोबाईल तेव्हा आमच्यासारख्यांकडं कुठले!

मग खरी लढाई. माणसं पुढं पाठवायची.

लोकांना वाटतं, कंडक्टरनं हात केला की गाडी थांबते. अहो, भरलेली गाडी चढावर कोण थांबवेल? परत उचलताना त्याचीही प्लेट जायची. म्हणून मी सगळ्यांना घाटमाथ्यावर चालत घेऊन गेलो. तिथं रस्ता सपाट होतो, कडेला बाभळी आहेत, ड्रायव्हरला लांबून माणूस दिसतो. "सामान घ्या, पोरं घ्या, चला वर!" लोक चालत होते आणि मला शिव्या देत होते. एक पगडीवाला म्हणाला, "तिकिटाचे पैसे घेता आन् चालवता का आमाला?" मी म्हटलं, "बाबा, ते तिकीट फाडू नका. पुढच्या गाडीत तेच चालतं. नवं काढायचं नाही. मी चिठ्ठी देतो."

चिठ्ठी म्हणजे काय, तर आमच्या गाडीतले किती प्रवासी, कुठून कुठं, तिकिटांचे नंबर कुठले, आणि खाली माझी सही. ती बघून पुढचा कंडक्टर त्यांना तसंच घेतो. नियम आहे. पण नियमानं जागा होत नाही. दिवाळीच्या गर्दीत प्रत्येक गाडी ठासून भरलेली. एका गाडीत दोन माणसं कोंबायची, दुसऱ्या गाडीत तीन. कुणाला आधी पाठवायचं ते मी ठरवणार, म्हणजे उरलेले सगळे माझे वैरी. लेकुरवाळ्या आधी, मग आजारी, मग ज्यांची नाशिकहून पुढची गाडी आहे ते. धडधाकट बाप्ये शेवटी. काहीजण वैतागून काळ्यापिवळ्या जीपला लटकून गेले, स्वतःच्या पैशानं. जा बाबांनो, माझं ओझं तेवढंच कमी.

ठमाबाई बाजूला उभी होती. गाडगं तिनं बाभळीच्या फांदीला टांगलं होतं, कारण अस्थी जमिनीला टेकवत नाहीत. कुणाशी भांडण नाही, धक्काबुक्की नाही. मी बघत होतो, ही बाई अशीच उभी राहिली तर उद्याचा दहावा हिच्याशिवाय होईल. धुळ्याहून एक गाडी आली, दोन माणसांची जागा. मी ओरडलो, "मावशी, चला! आत्ता! चढा!" तिनं गाडगं उतरवलं, पदरात घेतलं, माणसांनी तिला वर ओढली, मी मागून आधार दिला, कंडक्टरनं दोरी ओढून घंटी मारली. गेली गाडी. मला बरं वाटलं. एक काम नीट झालं म्हटलं.

ऊन उतरेपर्यंत सगळे गेले. शेवटचा पगडीवाला. त्यानं जाताना मला तंबाखू दिली आणि म्हणाला, "लय बोललो, मनावर घेऊ नको." मी खाली गाडीपाशी आलो. चिमाजी चाकाला टेकून बिडी ओढत होता.

आता हे कुणी लिहीत नाही, म्हणून मी सांगतो. सगळ्यांना पाठवून झालं की घाटात जे उरतं ना, ते फार वाईट असतं. रिकामी गाडी. बाकांखाली चिवड्याचे दाणे, एखादी बारकी चप्पल. मगाशी ज्या चाळीस-पन्नास माणसांनी डोकं उठवलं होतं त्यातलं एकही नाही. सगळी आपापल्या घरी निघाली आणि आपण रस्त्याच्या कडेला. व्हॅन येईल तेव्हा येईल. मालेगाववाल्यांकडं त्या दिवशी आणखी दोन गाड्या पडलेल्या होत्या, हे नंतर कळलं. चिमाजी बोलत नाही. मी एकटाच डोंगराकडं बघत बसलो होतो.

तेवढ्यात चांदवडकडून एक जीप आली आणि आमच्यासमोर थांबली. मागचं दार उघडलं आणि ठमाबाई खाली उतरली. गाडगं छातीशी तसंच.

माझं डोकंच सटकलं. "अहो मावशी! वेड लागलं का तुम्हाला? सोन्यासारखी जागा दिली तुम्हाला! नाशिकला पोचला असता एव्हाना! परत कशाला आलात मरायला?"

ती माझ्याकडं बघत नव्हती, गाडीकडं बघत होती. तिचा श्वास लागला होता.

"भाऊ, त्यांना हाक मारायची राहिली."

"काय?"

"तुम्ही म्हनले, चढा, आन् मी चढले. गडबडीत त्यांना सांगितलंच नाय. चांदवड आलं, मी म्हनायला गेले, अहो चांदवड आलं... आन् तोंडातच राहिलं. बाजूला कुनी नव्हतं, भाऊ. इतका रस्ता व्हते. मला कळत व्हतं. आन् आता नव्हते." तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तिनं ते पुसलंही नाही. "हितंच राहिले ते. गाडीतच बसून असतील. उद्या गंगेवर पिंड ठेवला आन् कावळा शिवला नाय तर? घाटातच बसतील का वो कायमचे?"

मी चिमाजीकडं बघितलं. त्यानं बिडी विझवली, उठला आणि जाऊन गाडीचं दार उघडून धरलं.

ठमाबाई चढली. सरळ शेवटच्या बाकापाशी गेली. मी पायरीवर उभा होतो. आत उन्हाची तिरीप आली होती. ती बाकासमोर वाकली, नवऱ्याला झोपेतून उठवतात तशी.

"अहो. उठा. गाडी मोडली. मला घाईत सांगायचं राहिलं, रागावू नका. आपल्याला दुसरी गाडी बघायची हाय. चला."

मग ती बाजूला सरकली, वाट दिली, आणि त्यांच्या मागं मागं खाली उतरली. मी पायरीवरून हटलो. का हटलो ते विचारू नका.

आता पुन्हा वर चालायचं होतं, घाटमाथ्यावर. मी तिच्याबरोबर निघालो. माझी चाल पहिल्यापासून लांब टांगांची. ती म्हणाली, "हळू चाला वो, त्यांचा गुडघा दुखतो." मी हळू चाललो. मनात म्हटलं, काय दिवस आलेत, भुताच्या गुडघ्यासाठी हळू चालतोय! पण चाललो खरा.

वर जाऊन आम्ही उभे राहिलो. सूर्य डोंगराला टेकलेला. एक गाडी आली, थांबली नाही. दुसरी आली, ड्रायव्हरनं हातानंच खूण केली, मागं-पुढं सगळं भरलंय. त्या दोन गाड्यांच्या मध्ये तिनं मला तिचं सगळं सांगितलं. मी विचारलं नव्हतं. तिला बहुतेक फार दिवसांत कुणी ऐकणारं मिळालं नव्हतं.

नवरा खंडेराव. मखमलाबादला भाजीचा मळा, मेथी, कोथिंबीर, थोडी झेंडूची फुलं. भावाशी विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून भांडण झालं. भाऊ बोलला, "तुझा काय संबंध मळ्याशी?" त्या एका शब्दावर माणूस उठला आणि शिरपूरला सूतगिरणीत वॉचमन झाला. भावानं येऊन बोलवावं, मग येईन. भावानं बोलवलं नाही. पोटी पोर नाही. ठमाबाई मळ्यात राहिली, दिराच्या घरात, त्याची पोरं सांभाळत. अमोल तेव्हा रांगत होता. उद्या तोच डोकं भादरून पिंड देणार.

"म्हंजे त्यांनी तुम्हाला टाकलं?" मी आपला सरळ बोलणारा माणूस.

तिला राग आला. "टाकलं कशाला? दर दिवाळीला मी जायची त्यांना आनायला. नवं धोतर घेऊन. दोन दिवस ऱ्हायची. मग ते मला स्टँडवर सोडायला यायचे, शेंगा घेऊन द्यायचे, खिडकीची जागा धरून द्यायचे. मी म्हनायची, चला ना आता. ते म्हनायचे, तू हो पुढं, मी मागच्या गाडीनं येतो."

"मग?"

"मग काय. मी नाशिकच्या स्टँडवर उतरायची आन् बसायची. मागची गाडी येईस्तवर बसायची. ती आली का सगळी मानसं उतरताना बघायची. मग मळ्यात जायची. दिवाळीच्या दिवाळी."

बत्तीस वर्षांत किती बायका मी स्टँडवर बसलेल्या बघितल्या असतील. प्रत्येकीला वाटलं असेल, आता येईल. मी ट्रे काखेत मारून चहाला निघून गेलो असेन. आपल्याला काय माहीत कोण कुणासाठी बसलंय.

"आन् औंदा पहिल्यांदा माझ्याबरोबर निघाले," ती म्हणाली. "मी निघायच्या आतच फोन आला आमच्याकडच्या किराणा दुकानात, तोवर त्यांना जाऊन सात दिवस झाले व्हते. दिवाळीची सुट्टी, गिरनीत कुनी पत्ता शोधला नाय. अग्नीबी गिरनीवाल्यांनीच दिला. मी गेले तर गाडगं लिंबाला टांगलेलं. मी म्हनलं, चला आता. तर काय नाय बोलले. निघाले. आन् मीच त्यांना घाटात सोडून पुढं गेले." ती इतकी रडली की मला कुठं बघावं कळेना.

एक कांद्याचा ट्रक थांबला. उमराण्याहून पिंपळगावला चाललेला, सरदारजी होता. म्हणाला, माताजीला पिंपळगावपर्यंत सोडतो. मी खूश. पिंपळगावला काय, नाशिकच्या गाड्या ढिगानं. पण ठमाबाई हलेना.

"पिंपळगावला पुन्हा उतरायचं, पुन्हा दुसरी गाडी. अंधार पडंल. पुन्हा त्यांना हाक मारायची. नको भाऊ. ते एका हाकेत येनारे मानूस नव्हते. मगाशी आले तेच नशीब. थेट नाशिकची गाडी बघा."

"मावशी, थेट गाडी मी काय खिशातून काढू? रात्र घाटात काढाल! दहावा चुकेल!"

"ते मागं राहून दहावा झाला काय आन् नाय झाला काय."

सरदारजीनं माझ्याकडं बघितलं, गाडग्याकडं बघितलं, हात जोडले आणि निघून गेला. मी कपाळावर हात मारला. घरच्यांना मी कधी इतकी मोकळीक दिली नाही.

मग खालून चिमाजी चढून वर आला. एरवी ड्रायव्हर बंद गाडी सोडत नाही. सोडूच नये. पण त्यानं व्हॅनचे दिवे खाली वळणावर बघितले होते, म्हणून आला. त्यानं आमच्या दोघांकडं बघितलं आणि सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला, दोन्ही हात पसरून. धुळे-नाशिक गाडी येत होती. तिचा ड्रायव्हर कचकचून ब्रेक मारून थांबला आणि त्यानं चिमाजीला अशी एक शिवी हासडली की काय सांगू.

चिमाजी म्हणाला, "म्हातारी हाय. उद्या दहावा."

आतून कंडक्टर ओरडला, "पाय ठेवायला जागा नाही!"

"पाय माझ्या डोक्यावर ठेव," चिमाजी म्हणाला. त्याच्या तोंडून इतकं मोठं वाक्य मी त्यानंतर कधी ऐकलं नाही.

ड्रायव्हरनं मान हलवली. केबिनचं दार उघडलं, इंजिनाच्या बॉनेटवर तीन बायका बसल्या होत्या, त्या सरकल्या. आता चिठ्ठी. मावशीला तर मी आधीच एका गाडीत लिहून दिलं होतं, तेच तिकीट दुसऱ्यांदा लिहायचं कसं? मी क्षणभर थांबलो आणि लिहिलं, "बिघडलेल्या गाडीतील राहिलेला प्रवासी, एक, नाशिक." खोटं काय त्यात? राहिलाच होता.

ठमाबाईनं केबिनच्या पायरीवर एक पाय ठेवला आणि मागं वळली. अख्खी गाडी खोळंबलेली, ड्रायव्हर रेस देतोय, मागून ट्रकचे हॉर्न. तिला घाई नव्हती.

"अहो, ही आपली गाडी. थेट नाशिक. आता कुठं उतरायचं नाय. चला, मी हात धरते."

तिनं हात मागं धरला. तसाच. मोकळा. मग माझ्याकडं बघितलं, आणि तिचा चेहरा एवढासा झाला.

"भाऊ, आले का वो? मला कळंना. माझा हात सुन्न झालाय. तुम्ही बघा ना, आले का?"

मला आयुष्यात लोकांनी हजार गोष्टी विचारल्या. गाडी कधी येईल, जागा मिळेल का, सुट्टे देता का. हे कुणी विचारलं नव्हतं. मी तिच्या मागच्या रस्त्याकडं बघितलं. अंधारत चाललेला डांबरी रस्ता, बाभळी.

"आले, मावशी," मी म्हटलं. "तुमच्या मागंच उभे आहेत. चढताहेत. तुम्ही सरका आत."

ती सरकली. बॉनेटवर बसली, आणि शेजारी वीतभर जागा सोडली. त्या गर्दीत! शेजारची बाई आणखी आक्रसून बसली. गाडी गेली. चिमाजी आणि मी खाली उतरलो. व्हॅनवाले आले होते, गाडीला साखळी लावत होते आणि आम्हाला विचारत होते, कुठं गेला होता सोडून. आम्ही कुणालाच काही सांगितलं नाही. मालेगावला जाताना रस्ताभर मला उगीच वाटत होतं की आपण त्या बाईला खोटं बोललो, उद्या कावळा शिवला नाही तर ती आयुष्यभर रडेल. आणि मी तर काही मानत नाही.

दोनेक महिन्यांनी माझी सुट्टी बुधवारी आली. नाशिकला बुधवारी गंगेवर बाजार भरतो. मी भाजीला गेलो. बायको वारल्यापासून मीच जायचो. पुलाखाली, गोणपाटावर मेथीच्या जुड्या रचून ठमाबाई बसली होती. मीच आधी ओळखलं. ती खाकीशिवाय मला ओळखेना. मग ओळखलं, तेव्हा उठून उभी राहिली आणि एकदम माझे हात धरले. बाजारात! माझी पंचाईत झाली.

"भाऊ, तुम्ही खरं बोलले व्हते," ती म्हणाली. "पिंड ठेवला आन् कावळा लगेच आला. अमोलनं हात काढायच्या आत. भटजीबी म्हनले, इतक्या लवकर कुनाचा शिवत नाय. म्हंजे आले व्हते ते माझ्याबरोबर."

"झालं तर मग," मी म्हटलं. मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू. "सुटले बिचारे. तुम्हीही सुटलात."

तिनं माझे हात सोडले. खाली बसली. जुड्यांवर पाणी शिंपडलं. मला वाटलं, गिऱ्हाईक आलं असेल, पण कुणी नव्हतं.

"सुटले का?" ती म्हणाली. "भाऊ, इतकी वर्सं मी एकटी व्हते, पन मला कधी एकटं वाटलं नाय. स्टँडवरून गाडीचा आवाज आला का वाटायचं, हीच असंल. पावसाळ्यात वाटायचं, रस्ता बंद असंल म्हनून नाय आले. उन्हाळ्यात वाटायचं, दिवाळीला येतील. सांच्याला एक भाकर जास्तीची थापायची मी, दीर लय चिडायचा. आता ते येऊन गेले. कावळ्यानं सांगितलं, आले आन् गेले. आता कुठल्याच गाडीत नाय ते." तिनं एक जुडी उचलून माझ्या पिशवीत टाकली. "घाटात ऱ्हायले असते, तर निदान घाटात तरी असते. मला जाता आलं असतं."

मी मेथीचे पैसे पुढं केले, तिनं घेतले नाहीत. मी थोडा वेळ तिथंच गोणपाटाच्या कडेला उकिडवा बसलो. मग एक बाई आली, मेथी कशी दिली म्हणाली, आणि ठमाबाई भाव सांगायला लागली.